निम्मं कशाचं आणि वर्ग कशाचा: पूर्ण वर्ग पद्धतीचं एक वर्कशीट, पायरीपायरीने

माझी भाची नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि आठवड्याभरात दहावीची सुट्टीतली बॅच सुरू झाली. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी बाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे क्लास सकाळी लवकर आणि दुपारभर घरी वर्कशीट. परवाच्या झेरॉक्सवर सहा गणितं होती, पानाच्या तळाला बारीक अक्षरात उत्तरं. ती कागद घेऊन माझ्यासमोर फरशीवर बसली. "मामा, उत्तरं आहेत ओ, पण मधलं काहीच नाही. सरांनी फळ्यावर एकदम नऊ मिळवले. हे नऊ आले कुठून?"

वर्गसमीकरणं हे राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग 1 मधलं दुसरं प्रकरण. नववीतल्या मुलाला त्यासाठी नवं असं फार लागत नाही. (a + b)² = a² + 2ab + b² हा विस्तार आणि पूर्णांकांच्या चिन्हांचे नियम पक्के असले की काम भागतं. अडतं ते एकाच जागी: निम्मं कशाचं करायचं, वर्ग कशाचा करायचा, आणि मुळात का. म्हणून पहिल्या गणितावर आम्ही जवळजवळ तासभर घालवला. बाकीची पाच त्याच्या जोरावर सुटली.

पहिलं गणित: x² + 6x − 7 = 0

तिच्या वहीत हे असं होतं: "6x चं निम्मं 3x, 3x चा वर्ग 9x²". इथेच गाडी रुळावरून उतरली होती. निम्मं करायचं ते x च्या सहगुणकाचं, म्हणजे नुसत्या 6 चं. x ला हात लावायचा नाही. पण "लावायचा नाही" म्हटलं म्हणून कुणी ऐकत नाही, त्यामुळे जुन्या कॅलेंडरचं एक जाड पान काढलं आणि कात्री घेतली.

एक चौरस कापला. त्याची बाजू किती ते मोजायचं नाही, तिला x म्हणायचं. त्याचं क्षेत्रफळ x². मग तेवढ्याच लांबीची, 6 सेंटिमीटर रुंदीची एक पट्टी कापली. तिचं क्षेत्रफळ 6 गुणिले x, म्हणजे 6x. चौरस आणि पट्टी शेजारीशेजारी ठेवली की लांबट आयत होतो. आपल्याला मात्र चौरस हवा, कारण चौरसाचं वर्गमूळ काढता येतं, आयताचं नाही.

"आता या पट्टीचं काय करशील?"

तिने पट्टी चौरसाच्या खाली धरून पाहिली. तिथेही लांबटच. मग आपणच कात्री मागून पट्टी उभी चिरली: 3 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या. एक उजवीकडे लावली, एक खाली. निम्मं करायचं ते एवढ्यासाठी. वाढ दोन बाजूंना सारखी वाटली तरच आकार चौरस राहतो.

चादरीला दोन बाजूंनी किनार लावावी तसं ते दिसत होतं, फक्त खालचा उजवा कोपरा उघडा होता. त्या भोकाची एक बाजू 3, दुसरीही 3. ते बुजवायला 3 × 3 = 9 चौरस सेंटिमीटरचा तुकडा लागतो. सरांचे नऊ ते हेच. वर्ग करायचा तो या कोपऱ्याच्या तुकड्यासाठी, आणि त्याच्या दोन्ही बाजू नुसत्या आकड्यांच्या असल्यामुळे त्यात x येतच नाही. 9x² का चूक, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

आता वहीत लिहू. आधी स्थिरपद उजवीकडे नेलं:

x² + 6x = 7

6 चं निम्मं 3, 3 चा वर्ग 9. डावीकडे 9 चा तुकडा जोडला, तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही 9 टाकावे लागतात:

x² + 6x + 9 = 7 + 9

(x + 3)² = 16

कंसात काय येतं, यावर मुलं उगाच अडखळतात. कंसात निम्मं येतं, त्याचा वर्ग नाही. कागदावरही मोठ्या चौरसाची बाजू x + 3 झालेली दिसते. खात्री नसेल तर कंस उलगडून पाहावा: मधलं पद 2 × 3 × x = 6x परत मिळालं पाहिजे. नाही मिळालं, तर निम्मं करतानाच चूक झाली.

आता वर्गमूळ. कोणत्या संख्येचा वर्ग 16? चारचा, आणि उणे चारचाही. म्हणून:

x + 3 = 4 किंवा x + 3 = −4

x = 1 किंवा x = −7

कागदाच्या चौरसात −7 कधीच दिसणार नाही, कारण उणे लांबीची पट्टी कुणी कापू शकत नाही. ही कागद जोडायची युक्ती फार जुनी आहे. इसवी सन 820 च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने x² + 10x = 39 हे उदाहरण अशाच आकृतीने सोडवलं. त्याने उत्तर दिलं 3. दुसरं मूळ −13 आहे, पण तो क्षेत्रफळांच्या भाषेत बोलत होता, त्याला ते नकोच होतं. परीक्षेत दोन्ही लिहावी लागतात, नाहीतर गुण जातात.

एक गोष्ट लगेच सांगून ठेवतो. काही पुस्तकांत नि काही शिक्षकांच्या पद्धतीत 9 डावीकडेच मिळवून डावीकडेच वजा करतात: x² + 6x + 9 − 9 − 7 = 0. त्यातून (x + 3)² − 16 = 0 येतं. गणित तेच आहे. क्लासमध्ये जी मांडणी असेल ती ठेवावी, दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये. 9 डावीकडे मिळवून वजाही केले आणि उजवीकडेही मिळवले, अशी वही मी पाहिली आहे.

दुसरं गणित: x² − 10x + 21 = 0

इथे नवं आहे ते फक्त चिन्ह. 21 उजवीकडे नेला:

x² − 10x = −21

−10 चं निम्मं −5. −5 चा वर्ग +25. या ठिकाणी भाचीने −25 लिहिलं. उणेचा वर्ग अधिक, हे तिला तोंडपाठ आहे, तरी घाईत हात चुकतो. मी एवढंच सांगितलं की कोपऱ्याचा तुकडा नेहमी मिळवायचाच असतो, मधलं पद अधिक असो की उणे. उणे चिन्ह जातं ते कंसात.

x² − 10x + 25 = −21 + 25

(x − 5)² = 4

x − 5 = 2 किंवा x − 5 = −2

x = 7 किंवा x = 3

वर्कशीटच्या तळाला छापलं होतं: −7, −3. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, खोडू नको, शेवटी बघू कोण चुकलंय ते.

तिसरं गणित: x² + 5x − 6 = 0

"मामा, पाचचं निम्मं कसं करू? अडीच येतं."

येऊ दे की. विषम सहगुणक आला की मुलं घाबरतात, आणि क्लासमध्ये लगेच 5/2 आणि 25/4 लिहायला लावतात. ते बरोबरच आहे, परीक्षेत तसंच लिहावं. पण मराठीत आपल्याकडे याहून सोपी सोय पडून आहे. माझी आई पलीकडे शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं, "आई, अडीच अडीच किती?" ती मान वर न करता म्हणाली, "सव्वासहा." लहानपणी पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेतलेली पिढी ती.

मग आम्ही एक यादी केली. दीडचा वर्ग सव्वादोन. अडीचचा सव्वासहा. साडेतीनचा सव्वाबारा. साडेचारचा सव्वावीस. साडेपाचचा सव्वातीस. प्रत्येक ठिकाणी सव्वाच. कारण सरळ आहे. अडीच गुणिले अडीच करताना एकातला अर्धा काढून दुसऱ्याला दिला, तर 2 गुणिले 3 होतात, म्हणजे 6, आणि हिशेबात अर्ध्याचा वर्ग, म्हणजे पाव, कमी पडतो. तो जोडला की सव्वासहा. तसंच साडेचारसाठी 4 × 5 = 20 आणि वर पाव. लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा आणि पाव चढवायचा, पाढे पाठ नसले तरी जमतं.

आता गणित:

x² + 5x = 6

पाचचं निम्मं अडीच, अडीचचा वर्ग सव्वासहा. दोन्ही बाजूंना मिळवा. उजवीकडे सहा आणि सव्वासहा, झाले सव्वाबारा. सव्वाबारा म्हणजे साडेतीनचा वर्ग, यादीत आहेच. म्हणजे x अधिक अडीच बरोबर साडेतीन किंवा उणे साडेतीन. x = 1 किंवा x = −6. सगळं तोंडी झालं. उत्तरपत्रिकेत तेच असं उतरवायचं:

x² + 5x + 25/4 = 6 + 25/4

(x + 5/2)² = 49/4

x + 5/2 = 7/2 किंवा x + 5/2 = −7/2

x = 1 किंवा x = −6

6 मध्ये 25/4 मिळवताना 6 चे 24/4 करायला विसरू नये. 31/4 असं उत्तर दिसलं तर तिथेच चूक झाली आहे. सव्वाबाराचा हिशेब तोंडी केलेला असेल तर ही चूक लगेच डोळ्यात भरते, कारण 31/4 म्हणजे पावणेआठ, आणि अपेक्षा तर सव्वाबाराची.

चौथं गणित: x² − 3x − 1 = 0

इथपर्यंत आल्यावर तिने रास्त प्रश्न विचारला. "पहिल्या तिन्हींचे अवयव सरळ पडतात की. एवढा खटाटोप कशाला?" खरं आहे. त्या तिन्हींसाठी अवयव पद्धतच पटकन होते, आणि प्रश्नात पद्धत सांगितली नसेल तर मीही तीच वापरेन. पण चौथ्याचे अवयव पाडून बघ म्हटलं. गुणाकार −1 आणि बेरीज −3 येईल असे दोन पूर्णांक शोधत तिने पाच मिनिटं घालवली. ते नाहीतच.

x² − 3x = 1

−3 चं निम्मं उणे दीड, त्याचा वर्ग सव्वादोन. उजवीकडे एक आणि सव्वादोन, सव्वातीन. आता यादी बघा: सव्वादोन आहे, नंतर एकदम सव्वासहा. सव्वातीन नाही. यादी पुढे वाढवूनही तिच्यात न सापडणारा सव्वा आला, की वर्गमूळ सुटं येणार नाही आणि अवयवही पूर्णांकांत पडणार नाहीत. मग तोंडी हिशेब सोडून अपूर्णांकावर यायचं:

(x − 3/2)² = 13/4

x − 3/2 = √13/2 किंवा x − 3/2 = −√13/2

x = (3 + √13)/2 किंवा x = (3 − √13)/2

√13 तसंच ठेवावं. तळाच्या उत्तरातही तसंच होतं. √13 साधारण 3.61, म्हणजे मुळं साधारण 3.3 आणि −0.3, एवढं मनाशी पाहून ठेवलं की उत्तर वेडंवाकडं नाही याचा अंदाज येतो.

पाचवं गणित: 2x² + 7x + 3 = 0

या गणितात सगळ्यात जास्त वह्या लाल होतात. कारण x² च्या आधी 2 बसलाय. कागदावर विचार करा: आपला पहिला तुकडा एकच चौरस हवा, इथे दोन आहेत. दोन चौरस आणि 7x ची पट्टी घेऊन निम्मं करायला गेलात तर मोठा चौरस जुळणारच नाही. म्हणून आधी सगळ्याला 2 ने भागायचं. सगळ्याला, म्हणजे 3 लासुद्धा.

x² + (7/2)x + 3/2 = 0

x² + (7/2)x = −3/2

आता सहगुणक साडेतीन. साडेतीनचं निम्मं पावणेदोन. इथे सव्वाची यादी संपते, पावणेदोनचा वर्ग तिच्यात बसत नाही, म्हणून सरळ अपूर्णांक. 7/2 चं निम्मं करताना छेद दुप्पट होतो: 7/4. ज्यांना घाई असते ते छेदातल्या 2 चं निम्मं करून 7/1 लिहितात. पावणेदोन हे नाव एकदा मनात म्हटलं असेल तर सात कसे चालतील, असा संशय आपोआप येतो.

7/4 चा वर्ग 49/16. वर्ग वरच्याचाही आणि खालच्याचाही. 49/4 लिहिलेलं दिसलं, की छेदाचा वर्ग राहिला.

x² + (7/2)x + 49/16 = −3/2 + 49/16

उजवीकडे −3/2 म्हणजे −24/16. मग −24/16 + 49/16 = 25/16.

(x + 7/4)² = 25/16

x + 7/4 = 5/4 किंवा x + 7/4 = −5/4

x = −1/2 किंवा x = −3

अपूर्णांकांचा कंटाळा येत असेल तर एक आडवाट आहे, आणि तीही आपल्याच इकडची. श्रीधराचार्यांचा नियम असा, की दोन्ही बाजूंना x² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मग x च्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात तो उद्धृत केला, म्हणून तो आपल्याला माहीत आहे. इथे 2 ची चौपट 8:

16x² + 56x = −24

16x² + 56x + 49 = −24 + 49

(4x + 7)² = 25

4x + 7 = 5 किंवा −5, म्हणून 4x = −2 किंवा −12, आणि x = −1/2 किंवा −3. तेच उत्तर, पण अपूर्णांक शेवटच्या ओळीपर्यंत आलाच नाही. चौपटीमुळे निम्मं करायचं काम आधीच उरकलेलं असतं, म्हणून मिळवायचा तो सहगुणकाचाच वर्ग, निम्म्याचा नाही. हा फरक पक्का नसेल तर परीक्षेत या वाटेला जाऊ नये. घरी पडताळा घ्यायला मात्र उत्तम.

सहावं गणित: x² + 4x + 7 = 0

x² + 4x = −7. चारचं निम्मं दोन, वर्ग चार.

(x + 2)² = −7 + 4 = −3

कुठल्याही वास्तव संख्येचा वर्ग उणे येत नाही. म्हणून वास्तव मुळे नाहीत, एवढंच लिहायचं आणि थांबायचं. भाचीने आधी उजवीकडचं उणे चिन्ह चूक समजून खोडलं आणि √3 काढून टाकला. तिला म्हटलं, उणे आला तर पायऱ्या एकदा तपास, पण बरोबर असतील तर त्या उणेला तसाच राहू दे. तेच उत्तर आहे.

आता दुसऱ्या गणिताचं भांडण

तिचं उत्तर 7 आणि 3, छापलेलं −7 आणि −3. ताळा करायला दोन हिशेब पुरतात. x² चा सहगुणक 1 असेल, तर दोन मुळांची बेरीज ही x च्या सहगुणकाचं चिन्ह बदलून येते आणि गुणाकार हा स्थिरपदाएवढा. पाचव्यासारखं गणित असेल तर 2 ने भागल्यानंतरच्या ओळीवर हा ताळा करायचा: −1/2 आणि −3 ची बेरीज −7/2, गुणाकार 3/2, जुळलं.

दुसऱ्या गणितात स्थिरपद 21. तिच्या मुळांचा गुणाकार 21, छापलेल्यांचाही 21. तिला वाटलं दोन्ही बरोबर. "आता बेरीज कर." मधलं पद −10x, म्हणजे बेरीज +10 हवी. तिची 10, छापलेली −10. तरी विश्वास बसेना, तेव्हा −7 समीकरणातच घालून पाहिलं: 49 + 70 + 21 = 140. शून्य यायला हवं होतं.

तिने तळाच्या उत्तरातली दोन्ही उणे चिन्हं पेन्सिलीने गोल केली, बाजूला "बेरीज 10" लिहिलं, आणि वर्कशीट दप्तरात टाकून आजीच्या समोरच्या शेंगांवर हात मारला.